चुकतंय खरं, पण दर वेळी तसंच चुकतंय का?

"ताई, आमचं लेकरू चार वर्षं दोन महिन्यांचं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही राहतो. त्याला सगळं समजतं, सांगितलेलं काम बरोबर करतो, पण त्याचं बोलणं घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही. पाण्याला एकदा 'मानी' म्हणतो, एकदा 'आपी', आणि कधी कधी चक्क नीट 'पाणी' म्हणतो. ह्यांचं म्हणणं, त्याला येतं पण मुद्दाम करतो. सासूबाई म्हणतात, मामावर गेलाय, मामाही पाचव्या वर्षी बोलला; नाहीतर जीभ चिकटली असेल, कापून आणा. पुण्याच्या नणंदेनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला आणि म्हणाल्या, शब्द बदलतात म्हणजे हा अॅप्रॅक्सियाच. थांबावं का दवाखाना गाठावा?"
– एक आई

ताई, तुमच्या यजमानांनी पाहिलंय ते अगदी बरोबर, अर्थ तेवढा उलटा लावलाय. एकदा जमलं म्हणजे नेहमी जमणारच, हा हिशेब बोलण्याला लागू पडत नाही. 'पाणी' म्हणताना तोंडात काय काय घडतं ते बघा. आधी ओठ मिटतात, आणि त्या वेळी नाकाकडे जाणारी वाट मागचा मऊ टाळू बंद करून ठेवतो. मग ओठ उघडून 'आ'. मग जिभेचं टोक वर वळून टाळूला टेकतं, आता नाकाची वाट उघडते आणि 'ण' होतो. शेवटी 'ई'. हे सगळं अर्ध्या-पाऊण सेकंदात, ठरलेल्या क्रमानं. नाकाची वाट वेळेआधीच उघडली की 'प'चा 'म' होतो, म्हणजे तुमच्या लेकराचा 'मानी'. क्रमच हुकला आणि 'प' मागे गेला तर 'आपी'. दोन्ही चुका वेगळ्या जागच्या आहेत. आळस करणारं मूल एक सोपी पळवाट धरतं आणि तिलाच चिकटून राहतं. ते रोज नवी चूक शोधत बसत नाही. तेव्हा मुद्दाम करतो हा आरोप आधी मागे घ्यायला सांगा.

नणंदबाईंचंही पुरतं बरोबर नाही. चुका बदलत राहणं ही अॅप्रॅक्सियाची, म्हणजे बोलण्याच्या हालचाली मेंदूत नीट न जुळण्याच्या अडचणीची, मोठी खूण आहे हे खरं. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेनं 2007 साली जी तीन लक्षणं बऱ्याच तज्ज्ञांना मान्य म्हणून मांडली, त्यांत ही पहिली: तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणताना व्यंजनं आणि स्वर दोन्ही बदलत जाणं. पण हे बदलणं नेमकं कशाला म्हणायचं, तिथं घोळ होतो. आमच्याकडे व्हिडिओ पाहून आलेल्या कितीतरी पालकांच्या वहीत ज्याला बदल म्हटलेलं असतं, तो धरण्यासारखा बदल नसतोच.

'पाणी'चंच घ्या. आपल्याकडे कितीतरी घरांत 'पानी'च म्हणतात. आजी 'पानी' म्हणते, अंगणवाडीच्या बाई 'पाणी' म्हणतात, आणि लेकरू दोन्ही म्हणतं. ही त्याची चूक नाही, त्याच्या कानावर पडतं तेच ते बोलतं. घरात लमाणी किंवा दखनी बोलली जात असेल तर हे आणखी जपून तपासावं लागतं.

दुसरा फसवा बदल म्हणजे कधी बरोबर आणि कधी एकच ठरलेली चूक. 'काका'ला कधी 'काका', कधी 'ताता', पण तिसरं काही नाही. हे मूल 'क' शिकतंय, जुनी सवय अजून पुरती सुटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. बरोबर आणि एक चूक अशी ये-जा चालू असेल तर मला उलट बरं वाटतं. काळजी वाटते ती एकाच शब्दाच्या दोन-तीन वेगवेगळ्या चुका ऐकल्यावर, आणि तुमच्या पत्रात 'मानी' आणि 'आपी' तशाच दिसतात.

तिसरा म्हणजे जागेप्रमाणे होणारा बदल. शब्दाच्या सुरुवातीला 'क'चा 'त' आणि शेवटी मात्र 'क' स्पष्ट, हा बदल नसून नियम आहे. आणि वयाचंही बघायचं. अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांचे शब्द डळमळतातच, त्यांना ही फूटपट्टी लावूच नये. तुमचं लेकरू चार पूर्ण आहे, म्हणून त्याला लावता येते.

साधा उशीर आणि अॅप्रॅक्सिया यांतला फरक मी पालकांना करंजीच्या साच्यावरून सांगते. साच्याला चीर असेल तर प्रत्येक करंजीला त्याच जागी खोच पडते. साचाच नसेल आणि दर करंजी हातानं नव्यानं वळायची असेल, तर एक लांबट होते, एक फुटते आणि एखादी देखणीही निघते. उशिरा बोलणाऱ्या मुलाकडे साचा असतो, फक्त लहान मुलाचा, जुना असतो. अॅप्रॅक्सियात जिभेला, ओठांना ताकद असते, कानाला ऐकू येतं, काय म्हणायचं तेही ठाऊक असतं. त्या शब्दाच्या हालचालींचा आराखडा मेंदूत पक्का बसत नाही, म्हणून तो दर वेळी नव्यानं जुळवावा लागतो.

आता तुमच्या घरी करण्याचं काम. पत्रातले तीन उच्चार वेगवेगळ्या दिवशींचे दिसतात, त्यावरून मी काहीच ठरवणार नाही. सर्दी, झोप, घाई, सगळं त्यात मिसळलेलं असतं. एकाच बैठकीत तोच शब्द तीनदा ऐकायला हवा. आमच्या तपासणीतही हेच करतात: इंग्रजीतल्या एका प्रसिद्ध चाचणीत पंचवीस चित्रं असतात, ती एका बैठकीत तीन फेऱ्यांत ओळखायला लावतात, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दुसराच काही खेळ घेतात.

तुम्ही दहा वस्तू घ्या. लेकराच्या रोजच्या ओळखीच्याच, आणि लांबी मुद्दाम वेगवेगळी: दूध, चाक, काका, केळं, गाडी, भाकर, बाटली, चप्पल, बकरी, टमाटं. जमेल त्या प्रत्यक्ष ठेवा, बाकीच्यांची चित्रं किंवा फोटो चालतील. फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा. वस्तू दाखवून "हे काय?" एवढंच विचारा. तुम्ही आधी शब्द उच्चारलात तर ते तुमची नक्कल करेल आणि तपासणी वाया जाईल. चुकलं तरी सुधारू नका, हसू नका, पुढची वस्तू दाखवा. एक फेरी झाली की दहा मिनिटं चेंडू खेळा, मग दुसरी फेरी. पुन्हा थोडा खेळ, मग तिसरी. लेकरू कंटाळलं तर तिथंच थांबा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून घ्या.

रात्री निवांत बसून रेकॉर्डिंग ऐका आणि प्रत्येक शब्दापुढं तिन्ही उच्चार कानाला पडले तसेच लिहा. आईचा कान इथं दगा देतो. त्याला काय म्हणायचंय हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून 'बाती' म्हणालेलं तुम्हाला 'बाटली' ऐकू येतं. शेजारच्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वस्तूचं नाव न सांगता ऐकवा आणि तिला लिहू द्या. मग तिन्ही उच्चार सारखे नसलेले शब्द मोजा. मघाशी सांगितलेले तीन फसवे बदल त्यातून वगळा.

दोन लेकरांचे कागद समोर ठेवते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. दोघंही साधारण तुमच्या लेकराच्या वयाची, दोघांचंही बोलणं परक्याला कळत नव्हतं, आणि दोघांच्याही घरी 'उशीर आहे, बोलंल की' असंच म्हणत होते.

मुलीनं 'काका'ला तिन्ही वेळा 'ताता' म्हटलं. 'गाडी' तिन्ही वेळा 'दाडी', 'केळं' तिन्ही वेळा 'तेलं', 'बकरी' तिन्ही वेळा 'बतली'. 'चप्पल' एकदा 'पप्पल' झाली, दोनदा नीट आली. दहातला तेवढा एकच शब्द हलला. ऐकायला तिचं बोलणं अगम्य होतं, पण कागदावर सगळा कायदा उघड दिसत होता: मागून निघणारे 'क' आणि 'ग' जिभेच्या टोकावर येऊन 'त' आणि 'द' होतात, 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो. यातलं 'र'-'ळ' उशिरा येणारंच असतं, त्याची चार वर्षांच्या वयात घाई नाही. 'क'चा 'त' मात्र एव्हाना बहुतेक सुटलेला असतो, म्हणून तिला उपचार दिले, 'क' आणि 'त' वेगळे ऐकायचे आणि वेगळे म्हणायचे. अॅप्रॅक्सियाचा तिथं प्रश्नच नव्हता.

मुलाची 'बाटली' पहिल्या फेरीत 'बाती', दुसऱ्या फेरीत 'ताबी', तिसऱ्या फेरीत 'मा...ली', मध्ये खंड घेऊन. 'केळं' एकदा 'तेळं', एकदा 'काय', एकदा 'एळा'. 'बकरी'ची 'बती', 'कबी' आणि 'बा-कई'. 'दूध' आणि 'काका' तेवढे तिन्ही वेळा सारखे आले. दहातले आठ शब्द हलले. मला आकड्यापेक्षाही जास्त खटकले ते स्वर. 'केळं'मधला 'ए' जाऊन 'आ' आला. उशिरा बोलणारी मुलं व्यंजनं बदलतात, पण या वयात त्यांचे स्वर सहसा जागेवर असतात.

त्या इंग्रजी चाचणीत शंभरातले चाळीस किंवा त्याहून जास्त शब्द हलले तर बोलणं अस्थिर धरतात. तुमच्या दहा शब्दांत हा आकडा चाराच्या घरात येतो. पण ती रेघ पंचवीस इंग्रजी शब्दांवर आखलेली आहे, तेव्हा घरचा आकडा हा निकाल समजू नका. आठ आले तर लवकर जा, एक आला तरी जा, एवढाच त्याचा उपयोग. लेकरू चार वर्षांचं झाल्यावर त्याचं बहुतेक बोलणं परक्या माणसाला कळायला हवं. ते कळत नसेल तर कारण उशिराचं असो की अॅप्रॅक्सियाचं, तपासणी लागतेच. तुम्ही जो प्रश्न विचारलाय, थांबावं का जावं, त्याचं उत्तर नावावर अवलंबूनच नाही. तिथं गेल्यावर उपचार कोणता आणि किती वेळा, ते नावावर ठरतं.

ही तपासणी दोन ठिकाणी चकवते. एखाद्या लेकराकडे मोजकेच आवाज असतात आणि ते सगळ्याला 'मा' किंवा 'दा' म्हणतं. कागदावर ते एकदम स्थिर दिसतं, कारण बदलायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. अशा मुलाचा आकडा शून्य आला म्हणून निश्चिंत होऊ नये. दुसरं, सगळे शब्द आखूड निवडले तर अॅप्रॅक्सियाचं मूलही निभावून नेतं, आणि सगळेच 'हेलिकॉप्टर'सारखे घेतले तर कुठलंही मूल अडखळतं. म्हणून शब्द मिसळलेले हवेत.

आणखी एक वळण आहे, ते व्हिडिओत बहुधा सांगत नाहीत. शब्द हलतात पण अॅप्रॅक्सिया नाही, अशीही मुलं असतात. त्यांच्या हालचालींत दोष नसतो. शब्द कुठल्या आवाजांचा बनलाय याची नोंदच डोक्यात धूसर असते. ओळखायची एक सोपी रीत आहे. तीन फेऱ्या झाल्यावर लेकराला समोर बसवा, तुमचं तोंड त्याला नीट दिसू द्या, आणि तेच दहा शब्द एकेक करून सावकाश म्हणून त्याला मागून म्हणायला सांगा. नमुना मिळताच शब्द बऱ्यापैकी सुधारले, तर ही दुसरी अडचण असण्याकडे कल जातो. नमुना मिळूनही तशीच मोडतोड झाली, ओठ-जीभ जागा चाचपडताना दिसली, आवाज न काढताच तोंड दोनदा उघडझाप झालं, तर अॅप्रॅक्सियाची शंका बळावते. एक गंमत इथं दिसते: अशी मुलं 'टाटा', 'आई गं' असं सवयीचं झटक्यात छान बोलून जातात आणि पाहुण्यांसमोर "म्हण बरं" म्हटलं की अडकतात. घरच्यांना तो हट्ट वाटतो.

तज्ज्ञ उरलेल्या दोन लक्षणांकडेही बघतील. एक, एका आवाजातून दुसऱ्यात सरकणं: 'बाटली' अखंड न येता 'बा, ट, ली' असे तुकडे पडतात का. दुसरं, बोलण्याचा चढउतार. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर जोर येतो आणि तो चुकलेला पटकन कळतो. मराठीत तसा जोर फारसा नसल्यानं ही खूण वाक्यात शोधावी लागते: प्रश्न विचारताना, लांबून हाक मारताना सूर बदलतो का, की सगळं एकाच पट्टीत सपाट चालतं. तीनही बाजूंनी पाहिल्याशिवाय नाव देऊ नये. पहिल्याच भेटीत कुणी ठामपणे अॅप्रॅक्सिया लिहून दिला तर मला शंका येते. काही आठवडे उपचार देऊन लेकरू कसं शिकतं ते पाहणं हाही निदानाचाच भाग असतो.

सासूबाईंच्या जिभेबद्दल. जीभ खालच्या पडद्यानं खरंच बांधलेली असेल, तर ती सकाळीही बांधलेली असते आणि संध्याकाळीही. तिच्यामुळे काही चुकलंच तर रोज तेच चुकेल. 'पाणी' कधी 'मानी', कधी 'आपी' आणि कधी बरोबर, हे बांधलेल्या जिभेचं काम नाही. 'मानी'तला 'म' तर ओठांवरच होतो, जिभेचा तिथं संबंध येत नाही. कापायला नेऊ नका. वेखंड उगाळून चाटवण्यानंही आराखडा पक्का होत नाही. फुगे फुगवणं, शंख वाजवणं, मधासाठी जीभ बाहेर काढायला लावणं, हे व्यायाम काही दवाखान्यांतही सांगतात. त्यानं शब्द सुधारतात असा आधार मिळालेला नाही. फुंकर मारण्याची हालचाल आणि 'प' म्हणण्याची हालचाल मेंदू वेगवेगळी जुळवतो. आणि मामा? मामाचं बोलणं आज कसं आहे, लहानपणी शब्द हलत होते का, हे मात्र विचारून ठेवा. घराण्यात बोलण्याच्या अडचणी असतील तर तज्ज्ञांना ते कळायला हवं.

जायचं कुठं? पहिलं पाऊल ऐकण्याच्या तपासणीचं. तो हाकेला ओ देतो म्हणून ती टाळू नका. कानात पाणी साठून मधूनच कमी ऐकू येत असेल तर घरात ते सहज लक्षात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अंगणवाडीताईंना सांगून त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. निघण्याआधी वाचा-उपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारा, नाहीतर एसटीचं भाडं आणि रोजगार दोन्ही वाया जातात. खाजगीत गेलात तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का ते आधी बघा.

निदान अॅप्रॅक्सियाकडे झुकलं तर आठवड्यातून एकदा तासभर जाणं फारसं लागू पडत नाही. आठवड्यातून तीन ते पाच लहान बैठका असाव्यात, असं आमच्या क्षेत्रात मानतात. गावाहून ते कसं जमणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. एक मार्ग असा की तज्ज्ञांनी पाच-सहा शब्द ठरवून द्यायचे, तुम्हाला समोर बसवून शिकवायचं, आणि बाकीच्या दिवशी तुम्ही घरी दहा-पंधरा मिनिटं घ्यायची. शब्द लेकराच्या कामाचे हवेत: 'पाणी', 'दे', त्याचं स्वतःचं नाव. रीत पायरीपायरीची असते. आधी तोंडासमोर तोंड धरून दोघांनी मिळून सावकाश म्हणायचं. ते स्थिर झालं की तुम्ही म्हणायचं आणि त्यानं मागून. मग तुम्ही म्हणून दोन-तीन सेकंद थांबायचं, मग त्यानं. शेवटी वस्तू दाखवून त्याचं त्यानं. अडला की एक पायरी खाली उतरायचं. एका बैठकीत तोच शब्द खूप वेळा यायला हवा, मात्र हालचाल बरोबर होत असेल तरच. चुकीचंच घोकलं तर चूकच पक्की होते.

तोपर्यंत त्याला खुणा करू द्या, चित्राकडे बोट दाखवू द्या. खुणांची सवय लागून बोलणार नाही अशी भीती घालणारे भेटतील; तसं होत नाही, उलट मनासारखं मिळालं की चिडचिड कमी होते. यजमानांना एकच काम सांगा: चारचौघांत "नीट म्हण" म्हणायचं नाही. 'आपी' म्हणाला तर "पाणी पाहिजे? घे पाणी" म्हणत पेला हातात द्यायचा.

केंद्रात जाताना तिन्ही फेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि तो कागद, दोन्ही न्या. तिथं नवख्या माणसासमोर तो गप्प बसण्याचीच शक्यता जास्त आहे. आणि तज्ज्ञांना "अॅप्रॅक्सिया आहे का?" असं विचारण्याआधी हे विचारा: "मागून म्हणताना त्याचे शब्द सुधारतात का, आणि स्वर जागेवर राहतात का?"